कार्यालयासाठी पासवर्डचे नवे नियम: लांबी वाढवावी, चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदत काढावी

पंधरा-वीस संगणकांच्या एखाद्या कार्यालयात संगणकव्यवस्थेची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या व्यक्तीला पासवर्डविषयीचा एक जुना नियम बहुधा तयारच मिळतो. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक विशेष चिन्ह असावे, दर नव्वद दिवसांनी तो बदलावा आणि मागचे पाच पासवर्ड पुन्हा वापरू नयेत, असे त्याचे साधारण स्वरूप असते. हा नियम इतका परिचित आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात त्यातील चिन्हांची सक्ती आणि नव्वद दिवसांची मुदत ही दोन्ही कलमे आज जाणकारांनी टाकून दिलेली आहेत. त्यांच्या जागी काय आणायचे, ते कोणत्या क्रमाने आणायचे आणि कोठे थांबायचे, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. क्रमाला येथे विशेष महत्त्व आहे, कारण जुनी बंधने काढली आणि नवी आणली नाहीत, तर कार्यालय पूर्वीपेक्षाही उघडे पडते.

जुना नियम आला कोठून

अमेरिकेत राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून निस्ट म्हणतात. तेथील बिल बर यांनी २००३-०४ च्या सुमारास ‘एसपी ८००-६३’ हा मार्गदर्शक दस्तऐवज तयार केला. त्याच्या परिशिष्टात पासवर्डची ताकद मोजण्याची एक ढोबळ रीत होती: पहिल्या अक्षराला इतके गुण, पुढच्या सात अक्षरांना इतके, आणि मोठी अक्षरे व चिन्हे सक्तीची केली तर वर काही अधिक गुण. लोक खरोखर कसले पासवर्ड निवडतात याची मोठी माहिती त्या वेळी उपलब्ध नव्हती, त्यामुळे इंग्रजी मजकुरात एका अक्षरानंतर कोणते अक्षर येते यावरील जुन्या अभ्यासाचा आधार घ्यावा लागला. हे गुण सरकारी कार्यालयांनी, मग बँकांनी आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी नियम म्हणून उचलले.

खरी माहिती २००९ च्या अखेरीस मिळाली, पण ती एका चोरीतून. रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे, कोणतेही सांकेतिक रूप न दिलेले, बाहेर पडले आणि त्यात सर्वाधिक वापरलेला पासवर्ड `123456` हा निघाला. अशा यादीवर जुने गुण ताडून पाहिल्यावर सक्तीच्या चिन्हांमुळे मिळणारे जास्तीचे गुण प्रत्यक्षात मिळतच नाहीत, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. निस्टने जून २०१७ मध्ये ‘८००-६३बी’ या नव्या दस्तऐवजात चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदत या दोन्ही गोष्टी लादू नयेत असे म्हटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर यांनी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत आपल्या जुन्या शिफारशींबद्दल खेद व्यक्त केला. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत भाषा आणखी कडक झाली. पूर्वी ‘लादू नयेत’ अशी जी शिफारस होती ती आता ‘लादता कामा नये’ अशी मनाई झाली आहे, आणि पासवर्ड हेच एकमेव कुलूप असेल तर तो किमान १५ अक्षरांचा असलाच पाहिजे, असे त्यात आहे. सोबत ओटीपीसारखा दुसरा घटक असेल तर किमान ८ अक्षरे चालतात.

पहिली पायरी: हल्ला कोणत्या वाटेने येतो ते वेगळे करावे

नियम लिहिण्याआधी तीन वाटा वेगवेगळ्या ओळखाव्यात, कारण प्रत्येक वाटेवर पासवर्डचा वेगळा गुण उपयोगी पडतो.

पहिली वाट म्हणजे लॉगिनच्या पडद्यावरच एकामागून एक पासवर्ड टाकून पाहणे. येथे हल्लेखोराचा वेग आपल्या हातात असतो. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद होईल अशी व्यवस्था केली, तर एका खात्यावर दिवसाला फार तर १,४४० आणि वर्षभरात सव्वापाच लाखांच्या आसपास प्रयत्न होऊ शकतात. मात्र सराईत हल्लेखोर एका खात्यावर हजार पासवर्ड न टाकता एकच लोकप्रिय पासवर्ड हजार खात्यांवर टाकून पाहतो, म्हणजे कोणतेच खाते बंद होत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी वाट म्हणजे पासवर्डचा साठाच चोरीला जाणे. नीट बांधलेल्या प्रणालीत पासवर्ड मूळ रूपात ठेवलेला नसतो, तर गणिती प्रक्रियेने तयार केलेली त्याची ठशासारखी खूण, म्हणजे हॅश, ठेवलेली असते. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. त्यामुळे चोर आपल्या यंत्रावर संभाव्य पासवर्ड तयार करतो, त्या प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या हॅशशी जुळतो का ते पाहतो. येथे प्रयत्नांना कोणी अडवत नाही. विंडोजमध्ये वापरला जाणारा एनटीएलएम हा हॅश फार जलद काढता येतो. संगणकीय खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला शंभर अब्जांहून अधिक प्रयत्न होतात. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ अशा मुद्दाम संथ केलेल्या पद्धतींमध्ये हा वेग किमान लाखो पटींनी कमी होतो. पण कोणत्या संकेतस्थळाने कोणती पद्धत वापरली आहे हे वापरणाऱ्याला सहसा कळत नाही, म्हणून हिशेब जलद पद्धतीचाच धरावा.

तिसरी वाट सर्वांत वर्दळीची आहे: कर्मचाऱ्याने तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला आणि तेथून तो फुटला, किंवा फसव्या पानावर त्याने तो स्वतःच टाकला. या वाटेवर पासवर्ड किती लांब आहे याचा काही उपयोग नसतो. तेथे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि दुसरा घटक हेच उपाय आहेत.

दुसरी पायरी: लांबीचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा

कळफलकावर छापता येणारी एकूण ९४ अक्षरे, अंक व चिन्हे आहेत. त्यांतून आठ अक्षरे पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही मनाचा हात न लागता, निवडली तर ९४ चा आठवा घात इतक्या शक्यता होतात. हा आकडा सुमारे ६ आणि त्यापुढे पंधरा शून्ये इतका आहे. आता चिन्हे, अंक, मोठी अक्षरे सर्व काढून टाकावी आणि फक्त a ते z ही २६ लहान अक्षरे ठेवून लांबी बारा करावी. शक्यता ९५ आणि त्यापुढे पंधरा शून्ये होतात, म्हणजे आधीच्या पंधरा पटींहून जास्त. लांबी पंधरा केली तर त्या आठ अक्षरी ‘अवघड’ पासवर्डच्या सुमारे पावणेतीन लाख पट शक्यता मिळतात. अक्षरसंच मोठा केल्याने प्रत्येक स्थानावरचा गुणक थोडा वाढतो, तर लांबी वाढवल्याने पूर्ण एक गुणक नव्याने जोडला जातो. लांबीचे पारडे जड होते ते या कारणाने.

परंतु खरा फरक याहूनही मोठा आहे, कारण माणूस आठ अक्षरे यादृच्छिक निवडतच नाही. एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह अशी अट घातली की बहुतेक जण ओळखीचा एक शब्द घेतात, त्याचे पहिले अक्षर मोठे करतात, मग `@` किंवा `#` लावतात आणि शेवटी `123` किंवा एखादे साल जोडतात. `Ganesh@1985` हा पासवर्ड अकरा अक्षरांचा आहे, त्यात सर्व प्रकारची अक्षरे आहेत आणि नियम तपासणारी प्रणाली तो आनंदाने स्वीकारते. हल्लेखोर मात्र अकरा स्थानांचा विचार करत नाही, तो साच्याचा विचार करतो. दहा हजार नेहमीची नावे व शब्द, दहा नेहमीची चिन्हे आणि चार अंकांचे दहा हजार प्रकार, यांचा गुणाकार १०० कोटी होतो. वर सांगितलेल्या वेगाने एवढे प्रयत्न डोळ्याची पापणी लवण्याच्या आत संपतात. `a` च्या जागी `@` आणि `o` च्या जागी `0` लिहिण्याची युक्तीही या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम म्हणून आधीच लिहिलेली असते, त्यामुळे तिने शक्यता केवळ काही पटींनी वाढतात.

सक्तीचे नियम सगळ्यांना एकाच साच्याकडे ढकलतात, ही त्यांची मूळ खोट आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये हजारो लोकांना वेगवेगळ्या नियमांखाली पासवर्ड तयार करायला सांगितले. त्यात फक्त ‘किमान सोळा अक्षरे’ एवढीच अट असलेल्या गटाचे पासवर्ड, सर्व प्रकारची अक्षरे सक्तीची असलेल्या आठ अक्षरी गटाच्या पासवर्डपेक्षा ओळखायला अधिक कठीण ठरले, आणि लोकांना ते तयार करणे व लक्षात ठेवणे कमी जाचक वाटले. सुरक्षितता आणि सोय एकाच बाजूला असण्याचे प्रसंग या क्षेत्रात फार थोडे येतात. माझ्या मते हा नियम बदलण्याचे सर्वांत ठोस कारण हेच आहे.

तिसरी पायरी: लांब पासवर्ड कसा करायचा ते शिकवावे

‘पंधरा अक्षरे’ एवढेच सांगून सोडले, तर लोक `Ganesh@1985` दोनदा लिहितील किंवा कळफलकावरची एक ओळ ओढून `qwertyuiopasdfg` करतील. म्हणी, अभंगाचे चरण, आरतीचे शब्द, गाण्यांचे मुखडे हेही टाळावे लागतात. ते लांब असले तरी सर्वांच्या ओठांवरचे आहेत आणि हल्लेखोरांच्या याद्यांमध्ये अशा ओळी उचलून भरलेल्या असतात. म्हणून पद्धत शिकवणे आवश्यक आहे, आणि शब्द नशिबाने निवडले गेले पाहिजेत, आवडीने नव्हेत.

यासाठीची जुनी व अजूनही उत्तम रीत फाशांची आहे. १९९५ मध्ये आर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची एक यादी तयार केली. ७,७७६ ही संख्या म्हणजे सहाचा पाचवा घात. साधा फासा पाच वेळा टाकला की १ ते ६ मधील पाच अंक मिळतात आणि त्या पाच अंकी क्रमांकासमोर यादीत जो शब्द असेल तो घ्यायचा. असे चार, पाच किंवा सहा शब्द घेऊन मध्ये आडवी रेघ किंवा मोकळी जागा ठेवून ते जोडायचे. ‘हा शब्द आवडला नाही, पुन्हा टाकतो’ ही सवलत मुळीच द्यायची नाही, कारण त्या क्षणी निवड पुन्हा माणसाच्या हातात जाते.

किती शब्द घ्यावेत, याचा हिशेब सेकंदाला शंभर अब्ज प्रयत्नांचा वेग धरून असा पडतो. चार शब्दांच्या साऱ्या शक्यता संपवायला एका कार्डाला साधारण दहा तास पुरतात. यादृच्छिक आठ अक्षरांना सतरा तास लागतात, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच पातळीवर आहेत. चार यादृच्छिक शब्द घेतले की पुरे, या प्रसिद्ध सल्ल्याची मर्यादा येथे दिसते. पाचवा शब्द जोडताच तोच काळ नऊ वर्षांवर जातो आणि सहावा जोडल्यावर सत्तर हजार वर्षांवर. एकापेक्षा जास्त कार्डे भाड्याने मिळतात हे लक्षात घेता, कार्यालयीन लॉगिनसाठी पाच आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड एका जागी सांभाळणारे सॉफ्टवेअर, त्याच्या मुख्य पासवर्डसाठी सहा शब्द सुचवावेत.

मराठी शब्द वापरायचे असतील तर दोन अडचणी आधीच सांगून ठेवाव्यात. देवनागरीत पासवर्ड टाकणे तत्त्वतः शक्य असले तरी संगणक सुरू होताना तोच कळफलक उपलब्ध असेल याची खात्री नसते. शिवाय दिसायला एकच असलेले अक्षर दोन तऱ्हांनी टंकलेले असू शकते. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही करता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न पासवर्ड असतात. म्हणून रोमन लिपीत लिहावे. मग दुसरी अडचण येते: ‘वीज’ हा शब्द `vij` लिहिला होता की `veej`, हे आठवड्याने आठवत नाही. यावर उपाय म्हणजे यादी तयार करतानाच प्रत्येक शब्दाचे एकच रोमन रूप ठरवून टाकणे आणि ज्यांची रूपे दोन होऊ शकतात असे शब्द यादीतून वगळणे. अशा यादीतून निघालेला पासवर्ड साधारण असा दिसेल:

```
kandil-pimpal-naram-dagad-ustad
```

हे केवळ उदाहरण आहे आणि छापले गेल्यामुळे ते कोणीही वापरू नये. यादी करण्याइतका वेळ नसेल तर कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमधील पासफ्रेज, म्हणजे शब्दांचा पासवर्ड, तयार करण्याची सोय वापरावी. तेथे शब्द इंग्रजी असतात, पण निवड खरोखर यादृच्छिक असते.

चौथी पायरी: निषिद्ध यादी लावावी

चिन्हांची सक्ती काढली की तिच्या जागी एक तपासणी आली पाहिजे. नवा पासवर्ड ठरवताना तो आधी फुटलेल्या किंवा सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डच्या यादीत आहे का, हे पाहायचे आणि असल्यास नाकारायचा. निस्टच्या दस्तऐवजात ही तपासणी ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. अशा यादीत संस्थेचे नाव, गावाचे नाव, संस्थेच्या सेवांची नावे यांचीही भर घालावी, कारण प्रत्येक कार्यालयात ‘संस्थेचे नाव आणि चालू साल’ हा पासवर्ड कोणीतरी ठेवलेला असतोच.

फुटलेल्या पासवर्डची सर्वांत मोठी खुली यादी ‘हॅव आय बीन पॉन्ड’ ही सेवा पुरवते. ती वापरताना पासवर्ड त्यांच्याकडे पाठवावा लागत नाही, आणि यामागची योजना समजून घेण्यासारखी आहे. आपल्या संगणकावर पासवर्डचा एसएचए-१ हॅश काढायचा. तो चाळीस अंकाक्षरांचा असतो. त्यातील फक्त पहिली पाच पाठवायची. सेवा त्या पाचांनी सुरू होणाऱ्या अनेक हॅशांचे उरलेले भाग परत पाठवते आणि आपला हॅश त्यात आहे का, हे आपणच आपल्या संगणकावर पाहतो. उदाहरणार्थ, `password` या शब्दाचा हॅश `5BAA6` ने सुरू होतो, म्हणून विचारणा अशी होते:

```
curl https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

परत आलेल्या यादीत `1E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8` ही ओळ सापडते आणि तिच्यापुढे तो पासवर्ड किती वेळा फुटलेल्या साठ्यांत आढळला याची संख्या असते. पासवर्ड मॅनेजरमध्ये ही तपासणी बहुधा आधीच बसवलेली असते. कार्यालयाची ईमेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर तेथे निषिद्ध यादी मुळातच लागू असते. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे सर्व संगणक व खाती स्वतःच्या सर्व्हरवरून एकत्र सांभाळली जातात त्या व्यवस्थेत, मात्र ती आपोआप नसते आणि वेगळी जोडावी लागते. जेथे ती जोडणे शक्य नाही, तेथे पासवर्ड वरील फाशांच्या रीतीनेच तयार करून घेणे, हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

पाचवी पायरी: नव्वद दिवसांची मुदत काढावी

या कलमावर सर्वाधिक वाद होतो, म्हणून त्याचे मूळ आधी पाहू. पासवर्ड ओळखायला चोराला काही महिने लागतील असे गृहीत धरले, तर तो ओळखला जाण्याआधीच बदलणे शहाणपणाचे ठरते. संगणक संथ होते तेव्हा या विचारात अर्थ होता. आज कच्चा पासवर्ड सेकंदात ओळखला जातो आणि पक्का पासवर्ड कितीतरी वर्षे टिकतो. नव्वद दिवसांच्या आसपास मोडेल असा पासवर्ड या दोहोंमध्ये क्वचितच असतो. दुसरे असे की चोरलेला पासवर्ड चोर साठवून ठेवत नाही, तो बहुधा लगेच वापरतो. चोरी मुदतीच्या मध्यावर झाली असे धरले तरी त्याला पंचेचाळीस दिवस मोकळे मिळतात, आणि तेवढ्यात तो ईमेल दुसरीकडे वळवण्याचा नियम लावून किंवा आणखी एक खाते तयार करून पासवर्डशिवाय आत येण्याची सोय करून घेतो.

एवढ्यावरून मुदत निरुपयोगी ठरते. ती अपायकारक का आहे हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील अभ्यासाने २०१० मध्ये दाखवले. त्या विद्यापीठात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. संशोधकांना ७,७०० हून अधिक जुन्या, बंद झालेल्या खात्यांचे एकामागून एक बदललेले पासवर्ड हॅशच्या रूपात मिळाले. त्यांनी आधीचा पासवर्ड माहीत आहे असे धरून पुढचा ओळखण्याचा प्रयत्न केला. लोक जे बदल करतात ते ठरावीक असतात: शेवटचा अंक एकने वाढवणे, एक चिन्ह बदलून शेजारचे घेणे, एखादे अक्षर मोठे करणे, अंक शेवटून सुरुवातीला नेणे. एवढेच बदल करून पाहिल्यावर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचहून कमी प्रयत्नांत निघाला. चोरलेला हॅश हाताशी असेल तर ४१ टक्के पासवर्ड प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत सापडले.

याचा कार्यालयातील अर्थ एका लिपिकाच्या उदाहरणावरून पाहू. जानेवारीत त्याचा पासवर्ड `Sahyadri#1` आहे, एप्रिलमध्ये `Sahyadri#2`, जुलैमध्ये `Sahyadri#3`. जानेवारीतला पासवर्ड एखाद्या दुसऱ्या संकेतस्थळावरून फुटला आणि तो ऑक्टोबरमध्ये कोणाच्या हाती लागला, तरी `#4` पर्यंत पोहोचायला त्याला चारच प्रयत्न लागतील. दहा प्रयत्नांनंतर खाते बंद करण्याची व्यवस्था येथे काहीच करू शकत नाही. शिवाय वर्षातून चार वेळा बदलायचे आहे हे माहीत असल्याने त्या लिपिकाने पहिला पासवर्डही कमकुवतच निवडला, कारण पाच यादृच्छिक शब्द पाठ करण्याचे कष्ट नव्वद दिवसांसाठी कोणी घेत नाही. पासवर्डचा आराखडा मुदतीमुळे कायम राहतो आणि केवळ शेवटचा अंक हलतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने याच कारणांनी सक्तीची मुदत नको असा सल्ला दिला, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजसाठीच्या आपल्या शिफारस केलेल्या मांडणीतून ती अट काढून टाकली.

मुदत काढणे म्हणजे पासवर्ड कधीच न बदलणे नव्हे. बदलण्याची कारणे नियमात स्पष्ट लिहावीत: पासवर्ड फुटलेल्या यादीत आढळला, कर्मचाऱ्याने तो फसव्या पानावर टाकल्याचे सांगितले, लॅपटॉप हरवला, संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडले, किंवा सामायिक पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली. अशा वेळी त्याच दिवशी बदल करावा आणि नवा पासवर्ड फाशांनी नव्यानेच काढावा. केवळ तेवढ्यावर थांबू नये. सर्व चालू लॉगिन बंद करावेत, ईमेल बाहेर वळवणारा नियम कोणी लावला आहे का ते पाहावे आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आपलाच आहे याची खात्री करावी. कर्मचाऱ्याने चूक लगेच सांगितली तर त्याला दोष दिला जाणार नाही, हे वाक्यही नियमात लिहून ठेवावे. घटना लपवली गेली तर ही संपूर्ण पायरी निष्फळ होते.

सहावी पायरी: विंडोज संगणकावर प्रत्यक्ष बदल

सुट्या विंडोज संगणकावर सध्याचे नियम पाहण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून `net accounts` ही आज्ञा द्यावी. कोणी काही बदलले नसेल तर `Maximum password age` या ओळीत ४२ दिवस दिसतात. नवे नियम असे लावता येतात:

```
net accounts /minpwlen:14 /maxpwage:unlimited
net accounts /lockoutthreshold:10 /lockoutduration:10 /lockoutwindow:10
```

विंडोजमध्ये ही किमान लांबी परंपरेने १४ पर्यंतच वाढवता येते. नव्या आवृत्त्यांत `Relax minimum password length limits` हा पर्याय सुरू केल्यास ती पुढे नेता येते. जेथे तो पर्याय नाही तेथे यंत्रात १४ ठेवून लेखी नियमात १५ म्हणावे. पाच शब्दांचा पासवर्ड ही मर्यादा तसाही सहज ओलांडतो. चिन्हांची सक्ती `secpol.msc` या सुरक्षा नियमांच्या खिडकीमध्ये `Password must meet complexity requirements` या ठिकाणी असते. डोमेनमध्ये ती मुळात सुरू असते, सुट्या संगणकावर बंद असते. ती बंद करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी की पासवर्डमध्ये वापरकर्त्याचे नाव येऊ न देण्याची तपासणीही याच कलमात आहे, त्यामुळे तीही जाते. म्हणून निषिद्ध यादी किंवा फाशांची रीत आधी आणि ही सक्ती काढणे नंतर.

येथे नवख्यांकडून एक चूक हमखास होते. किमान लांबी वाढवली तरी जुने आठ अक्षरी पासवर्ड तसेच चालत राहतात, कारण संगणकाकडे फक्त हॅश असतो आणि त्यावरून लांबी कळत नाही. नवी लांबी पुढच्या बदलाच्या वेळीच तपासली जाते. त्यात मुदतही काढली, तर तो बदल कधी येणारच नाही आणि `Sahyadri#3` कायमचा राहील. म्हणून मुदत काढण्याआधी किंवा त्याच दिवशी प्रत्येक खात्याला एकदाच बदल करायला लावावा:

```
net user lipik1 /logonpasswordchg:yes
```

बदल झाल्याची खूण म्हणून `net user lipik1` ही आज्ञा द्यावी. `Password last set` या ओळीतील तारीख नियम लागू केल्याच्या दिवसानंतरची असली पाहिजे. ज्या खात्याची तारीख जुनीच आहे तेथे जुना पासवर्ड अजून जिवंत आहे असे समजावे. त्यात बहुधा छपाईयंत्रासाठी किंवा बॅकअपसाठी केव्हातरी तयार केलेली आणि नंतर विसरली गेलेली खाती निघतात.

जेथे नियम आपल्या हातात नाहीत

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड खात्यांत चार प्रकारांपैकी तीन प्रकारची अक्षरे असण्याची अट प्रशासनाच्या पानावर बंद करता येत नाही. मुदत मात्र तेथे काढून टाकता येते. अनेक बँकांची आणि सरकारी संकेतस्थळेही चिन्हे मागतात, आणि काही तर कमाल लांबीच बारा-पंधरावर अडवतात. अशा ठिकाणी पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू करावा आणि शेवटी एक अंक द्यावा. त्याने ताकद वाढत नाही, पण अट पूर्ण होते आणि ताकद शब्दांतून मिळतच असते. लांबीच अडवली असेल तर पासवर्ड मॅनेजरला तेवढ्या लांबीचा पूर्ण यादृच्छिक पासवर्ड काढू द्यावा आणि तो पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. पासवर्ड चिकटवण्यास मनाई करणारी पाने मॅनेजरचा वापर अडवतात. निस्टने ती मनाई चुकीची ठरवली आहे, आणि आपल्या संस्थेने बनवून घेतलेल्या पानावर ती असेल तर काढायला सांगावे.

कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांना ‘पीसीआय डीएसएस’ हे वेगळे मानक पाळावे लागते. त्याच्या चौथ्या आवृत्तीत किमान १२ अक्षरे आणि अक्षर व अंक दोन्ही असण्याची अट आहे. पासवर्ड हाच एकमेव घटक असेल तर नव्वद दिवसांनी बदल, किंवा खात्याच्या सुरक्षिततेची सतत आपोआप तपासणी, यांपैकी एक करावेच लागते. अशा कार्यालयात मुदत परस्पर काढू नये. ज्या खात्यांतून कार्डाच्या माहितीपर्यंत पोहोचता येते त्यांना आधी दुसरा घटक लावावा, म्हणजे मुदतीची ती अट त्यांना लागू राहत नाही, आणि हा बदल तारखेसह लेखी नोंदवून लेखापरीक्षकाला दाखवावा. इतर कोणत्या करारात किंवा नियामकाच्या परिपत्रकात मुदतीची अट लिहिलेली आहे का, हेही नवा नियम सहीसाठी ठेवण्याआधी तपासून घ्यावे. असेल तर तेवढ्या खात्यांपुरती मुदत राहू द्यावी आणि बाकीच्या सर्व खात्यांवर नवा नियम लागू करावा.